पत्रातले वीस हजार

२०२५ च्या गणपतीत माझा भाचा, त्याची बायको आणि आठ वर्षांची मुलगी आमच्याकडे दर्शनाला आली. हातात पेढ्यांचा पुडा होता. पेढे गणपतीपुढे ठेवून झाल्यावर त्याने मोबाइलमधलं इन्क्रिमेंट लेटर मला दाखवलं. चाकणच्या एका कारखान्यात तो क्वालिटीत आहे. त्याला बढती मिळाली होती आणि वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, ८ लाख ४० हजारांवरून १० लाख ८० हजारांवर गेलं होतं. वाढ १ जुलैपासून लागू होती आणि जुलै-ऑगस्टचा फरक सप्टेंबरच्या पगारात मिळणार होता.

"मावशी, महिन्याला वीस हजार वाढले," तो म्हणाला. चहा होईपर्यंत त्या वीस हजारांचं काय करायचं हेही कळलं. शोरूममध्ये एक गाडी बघून झाली होती. मोशीतच पुढच्या रस्त्याला नव्या सोसायटीत टू-बीएचके होता, भाडं एकवीस हजार. मुलीला पोहण्याच्या क्लासला घालायचं होतं. सूनबाई मात्र फार बोलत नव्हती. निघताना ती हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही पगाराचंच काम करता. एकदा आमचा हिशेब बघाल का? दोन वर्षांपूर्वीही पगार वाढला होता, पण शेवटच्या आठवड्यात हात तसाच आखडावा लागतो."

मी तेवीस वर्षं कारखान्याच्या पगार विभागात आहे. दरवर्षी शेकडो लोकांची वाढ माझ्या हाताखालून जाते आणि सहा महिन्यांनी त्यातलेच बरेचसे अॅडव्हान्स मागायला माझ्याच टेबलाशी येतात. त्यामुळे हा प्रश्न मला ऐकीव नव्हता. पुढचं सगळं त्या दोघांना विचारून, नावं न घालता लिहिते आहे. आकडे त्यांचेच आहेत.

वीस हजारांचे किती झाले

पुढच्या रविवारी दोघं आली. मी जूनची पे-स्लिप आणि नवीन पत्राचा शेवटचा तक्ता, ज्याला आम्ही ब्रेकअप म्हणतो, एकमेकांशेजारी ठेवले. लोक पत्राचं पहिलं पान फ्रेम केल्यासारखं वाचतात. हा तक्ता कोणी उघडत नाही, आणि उत्तर नेमकं तिथे असतं.

सीटीसी महिन्याला सत्तर हजारांचं नव्वद हजार झालं होतं, हे खरं. पण त्या नव्वदातले नऊ हजार व्हेरिएबल पे होते. म्हणजे वर्षाचे १ लाख ८ हजार. ते कंपनीचा निकाल आणि त्याचं स्वतःचं रेटिंग बघून आर्थिक वर्ष संपल्यावर, मिळतील तेवढे मिळणार. जुन्या पगारात हा भाग नव्हताच. म्हणजे वाढलेल्या वीसातले नऊ हजार दरमहा येणारच नव्हते.

उरलेल्या अकरा हजारांतून आणखी थोडं गेलं. त्याचं बेसिक २८ हजारांवरून ३६ हजारांवर गेलं. प्रॉव्हिडंट फंड बेसिकच्या बारा टक्के कापला जातो. त्यामुळे कंपनीचा हिस्सा महिन्याला ९६० रुपयांनी वाढला आणि त्याचा स्वतःचाही ९६० ने. कंपनीचा हिस्सा सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूदही सीटीसीत धरलेली होती, ती ३८५ रुपयांनी वाढली. ते पैसे नोकरीची ठरलेली वर्षं भरल्यावर, सोडताना मिळतात. आयकराने मात्र काही खाल्लं नाही. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही आणि व्हेरिएबल पूर्ण मिळालं तरी तो त्याच्या आत राहत होता. ज्यांची वाढ ही रेषा ओलांडते त्यांना इथे आणखी एक वजाबाकी करावी लागेल.

हातात येणारा पगार ६१,७३३ होता, तो ७०,४२८ होणार होता. वाढ ८,६९५ रुपये.

भाचा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. त्याला फसवल्यासारखं वाटलं. मी त्याला सांगितलं की कंपनीने काही खोटं लिहिलेलं नाही आणि पीएफचे दोन्हीकडचे मिळून १,९२० रुपये तुझ्याच खात्यात जमा होणार आहेत. त्याचं बेसिक आधीच पंधरा हजारांच्या वर असल्यामुळे कंपनीच्या हिश्श्यातून पेन्शनकडे जाणारे १,२५० रुपये वाढत नाहीत. वाढीव सगळं पीएफमध्येच पडतं. न मागता झालेली ही बचत चांगलीच आहे. पण गाडीचा हप्ता तिच्यातून भरता येत नाही.

मग मी दोघांना विचारलं, काहीही नवीन घेतलं नाही, आत्ता जसं राहता तसंच राहिलात, तर पुढच्या वर्षी खर्च किती वाढेल? हे सूनबाईला तोंडपाठ होतं. घरभाड्याचा अकरा महिन्यांचा करार फेब्रुवारीत संपतो आणि घरमालक पाच टक्के वाढवतात. पंधरा हजारांचे ७५० वाढतील. शाळेची वार्षिक फी ४८ हजार, ती दहा टक्क्यांनी वाढते, म्हणजे महिन्याला ४०० पडतात. किराणा, दूध आणि गॅस मिळून सहाशे तरी. एकूण १,७५०.

हे पैसे वाढीतून आधीच बाजूला काढावे लागतात. त्यांनी नवीन काही मिळत नाही, आहे ते टिकतं एवढंच. जो हा भाग वजा करत नाही तो वर्षाच्या मध्यावर बचतीचा हप्ता थांबवतो आणि स्वतःला बेशिस्त म्हणतो. ८,६९५ मधून १,७५० गेल्यावर राहिले ६,९४५. ज्या पैशांबद्दल खरोखर काही ठरवायचं होतं ते एवढेच. मनात मात्र वीस हजार धरलेले होते.

मागची वाढ कुठे गेली

यापुढचं काम मी दर वेळी करून घेते. नुसतं अंदाजपत्रक बनवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो असं मला वाटतं. माणूस पुढच्या वर्षी काय करील हे त्याने मागच्या वाढीचं काय केलं त्यावरून कळतं.

दोघांना मी बँकेची दोन महिन्यांची स्टेटमेंट काढायला सांगितली, जून २०२३ आणि जून २०२५. महिना एकच घ्यायचा, कारण दिवाळीचा महिना आणि जून यांची तुलना करून काही कळत नाही. या दोन वर्षांत हातात येणारा पगार ५३,२०० वरून ६१,७३३ झाला होता. म्हणजे ८,५३३ रुपये वाढले होते. ते कुठे आहेत ते रंगीत पेनाने शोधायचं.

सुरू करण्याआधी दोघांना अंदाज विचारला. भाचा म्हणाला, बाहेरून मागवलेलं जेवण. सूनबाई म्हणाली, त्याचं ऑनलाइन सामान. त्यांची भांडणंही याच दोन गोष्टींवरून व्हायची.

तासाभरात कागदावर आलं ते असं. सर्वांत मोठी रक्कम भाड्याची होती. २०२३ च्या पावसाळ्यात ती लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला आली आणि साडेअकरा हजारांचं भाडं जून २०२५ पर्यंत वाढत पंधरा झालं. महिन्याला ३,५०० वाढले. दुसरा होता मोबाइलचा हप्ता, २,१५०. मी विचारलं, हा कधीपासून? तेव्हा कळलं की आधी फ्रिजचा हप्ता होता, तो संपला त्याच महिन्यात वॉशिंग मशिनचा सुरू झाला आणि त्यानंतर हा मोबाइलचा. वस्तू बदलत होती, हप्त्याची जागा रिकामी होत नव्हती. शाळेची व्हॅन आणि फी मिळून १,२०० वाढले होते. ज्यावरून रोज वाद व्हायचा ते बाहेरचं जेवण फक्त ९०० रुपयांनी वाढलं होतं. बाकीचे ७८३ इकडेतिकडे.

भाडं आणि हप्ता मिळून ५,६५०. मागच्या वाढीतले दोनतृतीयांश पैसे फक्त दोन निर्णयांनी बांधून टाकले होते आणि ते दोन्ही, नवं घर आणि हप्त्यांची सुरुवात, पगार वाढल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत झालेले होते. माझ्या टेबलाशी येणाऱ्यांचंही बहुतेक असंच असतं. वाढ वडापावात आणि चहात जात नाही. ती अशा एक-दोन गोष्टींत जाते ज्या एकदा ठरल्या की दर महिन्याला कोणी पुन्हा विचारत नाही. हॉटेलचा खर्च पुढच्या आठवड्यात कमी करता येतो. भाडं आणि हप्ता तसा कमी होत नाही. म्हणून वाढीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला बांधणारी कुठलीही गोष्ट घ्यायची नाही, एवढी एकच अट मी घातली.

लिफ्टच्या घराबद्दल एक सांगायला हवं. भाच्याचे वडील गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आधीच्या घरी तिसऱ्या मजल्यावर चढू शकत नव्हते. लिफ्ट आल्यावर ते वर्षातून दोनदा येऊन राहायला लागले. ते साडेतीन हजार मला वाया गेलेले वाटत नाहीत आणि मी तसं म्हटलंही. खर्च वाढणं हाच दोष नाही. किती वाढला आणि कशासाठी, हे त्यांना दोन वर्षं माहीत नव्हतं, त्रास त्याचा होता.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली. महिन्याला चार हजारांची आरडी होती आणि ती आपली बचत आहे असं भाचा समजत होता. पण आरडी दर जूनमध्ये मोडत होती आणि ४८ हजार शाळेच्या फीला जात होते. म्हणजे ती फीच होती, बारा तुकड्यांत भरलेली. खरी शिल्लक फक्त एका जुन्या एफडीत होती, ६२ हजारांची. घराचा टाळता न येणारा खर्च महिन्याला साधारण ४८ हजार. नोकरीत काही झालं तर हातात सव्वा महिना.

आणि पगाराच्या आदल्या दिवशी, २९ जूनला, खात्यात होते १,३४० रुपये. दोन वर्षांपूर्वीच्या स्टेटमेंटमध्येही त्या दिवशीचा आकडा एवढाच होता. साडेआठ हजारांनी पगार वाढूनही त्या रात्रीची शिल्लक हललेली नव्हती. घरातल्या तिघांपैकी कोणी उधळ्या नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तो आकडा बघून मला वाईट वाटलं.

गाडी

गाडीचा विषय टाळून चाललं नसतं. शोरूमने त्याला हप्ता सांगितला होता. सात लाखांची गाडी, त्यात ५ लाख ६० हजारांचं कर्ज, सात वर्षं, नऊ टक्के व्याज. हप्ता ९,०१० रुपये. वीस हजारांत नऊ हजार सहज बसतात, असा त्याचा हिशेब होता.

मी त्याला गाडीचा महिना लिहायला लावला. पेट्रोल, विम्याचा आणि सर्व्हिसिंगचा बारावा भाग, सोसायटीतलं पार्किंग, गावी जाताना टोल. हळूहळू लिहीत गेलो तसा आकडा पंधरा हजारांच्या आसपास थांबला. समोर होते ६,९४५. यावर मला वेगळं काही बोलावं लागलं नाही.

पण तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "बाबांना दवाखान्यात न्यायचं तर मी रिक्षा शोधत फिरतो, मावशी. माझ्याच ग्रेडचा माणूस त्याच्या वडिलांना गाडीतून आणतो." हे कागदावर येत नाही आणि ते खोटंही नाही. कामावर तो कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे गाडी बहुतेक रविवारीच निघाली असती. आम्ही असं ठरवलं की वडील आले की दवाखान्यासाठी न मोजता गाडी बोलवायची. गावी जायचं तेव्हा भाड्याची गाडी करायची, वर्षातून चार वेळा. आणि व्हेरिएबल मिळेल तेव्हा त्यातलं निम्मं गाडीसाठी वेगळं ठेवायचं. वापरलेली चांगली गाडी रोखीने घ्यायला दोन-तीन वर्षं लागतील. व्हेरिएबलच्या भरवशावर आज हप्ता मात्र घ्यायचा नाही. ज्या पैशाची तारीख आणि रक्कम दोन्ही दुसऱ्याच्या हातात आहे, त्याच्यावर ठरलेल्या तारखेचा हप्ता लटकवलेले लोक मी फार पाहिले आहेत.

टू-बीएचके करार संपेपर्यंत पुढे ढकलला. तिथे फक्त भाड्यातले सहा हजार नव्हते. अनामत दुप्पट, एजंटचं एक महिन्याचं भाडं आणि सामान हलवण्याचा खर्च वेगळा होता.

वाटणी

६,९४५ मधले ४,५०० बाजूला जाणार आणि २,४०० खर्चायला, असं ठरलं. ४५ रुपये तसेच राहिले.

भाच्याला उत्साह आला होता. तो म्हणाला, सगळेच टाकू, व्हीपीएफमध्ये, म्हणजे पीएफमध्ये आपणहून जास्तीची रक्कम कापून घेऊ. २०२४-२५ साठी पीएफवर सव्वाआठ टक्के व्याज जाहीर झालं होतं आणि पगार हातात येण्याआधीच पैसे कापले जातात, त्यामुळे मोहही होत नाही. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. तरी मी नको म्हटलं. पीएफमधले पैसे अडीअडचणीला रात्रीतून मिळत नाहीत, आणि ज्याच्याकडे सव्वा महिन्याचीच सोय आहे त्याने आधी हाताशी येतील असे पैसे जमवावेत. शिवाय आमच्याकडे व्हीपीएफची रक्कम वर्षातून एकदाच बदलता येते. जूनमध्ये जोशात मोठा आकडा लिहिलेले लोक ऑक्टोबरमध्ये येऊन "मॅडम, थांबवता येईल का" विचारतात आणि मला नाही म्हणावं लागतं. तेच लोक मग पतपेढीचं कर्ज काढतात.

खर्चाचा भाग ठेवण्याचं कारणही हेच. बढती मिळालेल्या माणसाच्या घरात काहीच बदललं नाही तर तिसऱ्या महिन्यात कोणीतरी ठरलेली बचत मोडतं. मात्र त्या २,४०० चं काय करायचं ते दोघांनी आधीच, नाव घेऊन ठरवायचं. सूनबाई घरी शिकवण्या घेते. ते पैसे तिचेच, हिशेबात धरले नाहीत. संध्याकाळी शिकवणी आणि स्वयंपाक एकाच वेळी येतात, म्हणून तिने भांड्यांना बाई मागितली, पंधराशे रुपयांत. उरलेले नऊशे महिन्यातून एकदा तिघांनी बाहेर जेवायला. पोहण्याचा क्लास उन्हाळ्याच्या सुट्टीवर ढकलला. मुलीला ते पटलं नाही, पण ती ठीक आहे.

जुलै-ऑगस्टच्या फरकाचे १७,३९० रुपये एकदाच येणारे होते. एकदा येणाऱ्या पैशाने एकदाचीच वस्तू घ्यावी, जिच्यामागे महिन्याचा खर्च लागत नाही. दिवाळीआधी घरात घरघंटी आली. गहू आणि ज्वारी आता घरीच दळली जाते. आल्यावर सूनबाईने पहिल्या दिवशी दळलेल्या भाजणीचा डबा मला पाठवला.

४,५०० साठी तिचं दुसऱ्या बँकेतलं एक जुनं बचत खातं वापरलं. त्याला यूपीआय जोडलेलं नाही आणि कार्ड कपाटात असतं. पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी येतो. नेटबँकिंगमधून २ तारखेला पैसे आपोआप तिकडे जातील अशी सूचना घातली. १० किंवा १५ तारीख ठेवली असती तर तोपर्यंत तो पैसा खर्चासारखाच दिसला असता. तीन महिन्यांच्या खर्चाएवढे, म्हणजे सुमारे १ लाख ४४ हजार होईपर्यंत ते तिथेच राहणार. शंभर टक्के सुरक्षित हवेत म्हणून शेअर बाजाराशी संबंध नाही, व्याज कमी मिळालं तरी चालेल. त्यानंतर मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी.

नोव्हेंबरमध्ये काय दिसलं

२ ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर, दोन हप्ते वेळेवर गेले. बाजूच्या खात्यात नऊ हजार झाले. भाच्याने मला त्याचा फोटो पाठवला. मी त्याला क्रेडिट कार्डाचंही स्टेटमेंट पाठवायला सांगितलं आणि उत्तर दोन दिवस आलं नाही.

झालं होतं असं. सप्टेंबरचा पगार जमा झाला आणि आठवड्यात बँकेचा संदेश आला, कार्डाची मर्यादा वाढवली आहे, शिवाय मंजूर कर्ज तयार आहे. खात्यात जास्त पगार पडला हे बँकेला आपल्याआधी कळतं. दिवाळीची खरेदी कार्डावर झाली. बिल आलं ११,८०० रुपयांचं. पगाराच्या खात्यातून ४,५०० आधीच निघून गेल्यामुळे सगळं भरायला पुरेना, म्हणून त्याने किमान देय रक्कम भरली, ५९० रुपये. राहिले ११,२१०.

एका हाताने नऊ हजार साठले होते आणि दुसऱ्या हाताने त्याहून जास्त उधारी झाली होती. वजाबाकी केली तर २,२१० रुपये उणे. बाजूच्या खात्यावर जेमतेम तीन टक्के व्याज वर्षाला आणि कार्डावर तेवढंच, किंवा त्याहूनही जास्त, महिन्याला. बचत आपोआप जायला लागली की ही चूक होण्याची शक्यता उलट वाढते, कारण बचतीचा आकडा छान दिसत राहतो. म्हणून बाजूच्या खात्याची शिल्लक एकटी बघून चालत नाही. त्यातून त्याच दिवशीची कार्डाची थकबाकी वजा करायची आणि उरेल तो आकडा खरा.

बाजूचे नऊ हजार कार्डावर भरले, वरचे घरखर्चातून. मला ते खातं रिकामं होताना बघून हळहळ वाटली, पण दुसरा शहाणा मार्ग नव्हता. कार्डाची मर्यादा त्याने स्वतः बँकेला सांगून पुन्हा पूर्वीएवढी करून घेतली आणि दर महिन्याला पूर्ण बिल पगाराच्या खात्यातून वळतं होईल अशी सोय केली. पूर्ण बिल एका दिवशी खात्यातून जाणार हे माहीत असलं की कार्ड काढताना हात थांबतो, असं त्याचंच म्हणणं आहे.

मलाही माझी चूक दिसली. आम्ही सणाचा खर्च कुठे धरलाच नव्हता. दिवाळी दरवर्षी येते आणि तरी ती आमच्या कागदावर नव्हती.

संपलेला हप्ता

नोव्हेंबरमध्ये मोबाइलचा शेवटचा हप्ता गेला. डिसेंबरपासून २,१५० रुपये मोकळे होणार होते. घरात तोवर मायक्रोवेव्हचं बोलणं सुरू झालं होतं. मी फक्त जूनचा तो रंगीत कागद पुन्हा समोर ठेवला, फ्रिज, वॉशिंग मशीन, मोबाइल. सूनबाईच म्हणाली की ही जागा आता रिकामी राहू दे. संपलेला हप्ता म्हणजे पत्राशिवाय मिळालेली पगारवाढच असते आणि ती कोणी साजरी करत नाही, म्हणून ती पकडणं सोपं जातं. २ डिसेंबरपासून बाजूला जाणारी रक्कम ६,६५० झाली.

फेब्रुवारीत भाड्याचा करार आला तेव्हा घरमालकांनी पाचऐवजी दहा टक्के मागितले. ७५० धरले होते, द्यावे लागले १,५००. आधीच्या कुठल्याही वर्षी हे ७५० रुपये कुठून तरी ओढूनताणून आले असते आणि मार्चमध्ये कार्डावर दिसले असते. या वेळी बाजूला जाणारी रक्कम ६,६५० वरून ५,९०० केली आणि तसं कागदावर लिहिलं. बाईचे पंधराशे आणि जेवणाचे नऊशे तसेच राहिले.

डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी मिळून बाजूच्या खात्यात १९,२०० जमले, कार्डावर थकबाकी शून्य. जुन्या एफडीचे ६२ हजार धरून ८१,२००. सव्वा महिन्याची सोय आता पावणेदोन महिन्यांच्या जरा खाली आली आहे. तीन महिन्यांपर्यंत जायला अजून वर्षाच्या आसपास लागेल, मध्ये दिवाळी आहे. तिच्यासाठी आता ५,९०० मधलेच पाचशे वेगळे काढायचे की व्हेरिएबलमधून घ्यायचे, यावर दोघांचं अजून एकमत नाही.

सूनबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पगाराच्या आदल्या दिवसाच्या चौकोनात शिल्लक लिहायला सुरुवात केली आहे. पेन्सिलीने, बारीक अक्षरात, दुधाच्या हिशेबाच्या खाली. नोव्हेंबरच्या चौकोनात ४१० आहे, जानेवारीच्या २,७८०, फेब्रुवारीच्या ३,९०५. परवा मी गेले होते तेव्हा भाचा म्हणाला की व्हेरिएबल यंदा ऐंशी टक्के तरी मिळेल असं साहेब म्हणतात, आणि ऐंशी टक्क्यांचं निम्मं किती ते त्याने मोबाइलवर काढून ठेवलं होतं. सूनबाईने कॅलेंडरचं एप्रिलचं पान उलटून दाखवलं. तो चौकोन तिने रिकामा ठेवला आहे.